महागाईशी जोडलेले रोखे: मुद्दल वाढले, तरी किंमत का पडली?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते, वय ५८. महागाईपासून संरक्षण मिळावे म्हणून २०२१ च्या शेवटी टिप्स, म्हणजे अमेरिकी सरकारच्या महागाईशी जोडलेल्या रोख्यांचा फंड घेतला. २०२२ मध्ये महागाई नऊ टक्क्यांवर गेली आणि माझा फंड मात्र बारा टक्क्यांच्या आसपास पडला. या रोख्यांचे मुद्दल निर्देशांकाप्रमाणे वाढते ना? मग हे कसे झाले? आणि हे रोखे नक्की कुणाच्या फायद्याचे असतात? पुण्यात आईवडील आहेत, त्यांच्यासाठीही घेऊन ठेवावेत का?

उत्तर:

तुमच्या फंडातील रोख्यांचे मुद्दल खरोखरच वाढले होते. पडला तो त्या वाढलेल्या मुद्दलाला बाजारात मिळणारा भाव. या दोन गोष्टी स्वतंत्रपणे चालतात, आणि रोख्यांच्या व्यवहारात अनेक वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा फरक समजल्याशिवाय कुणीही हे रोखे घेऊ नयेत. म्हणून आधी एकच रोखा घेऊन त्याचा हिशेब शेवटपर्यंत मांडतो.

अमेरिकी सरकारने टिप्स रोखे १९९७ च्या जानेवारीत पहिल्यांदा विकले. आज ते पाच, दहा आणि तीस वर्षांच्या मुदतीचे निघतात. त्यांचे मुद्दल शहरी ग्राहकांच्या किंमत निर्देशांकाशी जोडलेले असते, आणि या निर्देशांकाची हंगामी दुरुस्ती न केलेली मालिका त्यासाठी वापरली जाते. एखाद्या महिन्याचा निर्देशांक पुढच्या महिन्याच्या मध्यावर जाहीर होतो, त्यामुळे मुद्दलाची मोजणी नेहमी तीन महिने मागून चालते. १ जानेवारीला लागू होणारा निर्देशांक हा ऑक्टोबरचा असतो, १ फेब्रुवारीला लागू होणारा नोव्हेंबरचा, आणि मधल्या दिवसांसाठी या दोन आकड्यांमधील अंतर दिवसांच्या प्रमाणात वाटून दिले जाते. रोखा निघाला त्या दिवशीचा निर्देशांक पाया धरायचा, आजच्या निर्देशांकाला त्याने भागायचे, आणि येणाऱ्या गुणोत्तराने मूळ दर्शनी रक्कम गुणायची. हे झाले आजचे मुद्दल. व्याजाचा दर कधीच बदलत नाही. मात्र तो दर या वाढलेल्या मुद्दलावर लागतो, म्हणून दर सहा महिन्यांनी हाती पडणारी व्याजाची रक्कमही महागाईबरोबर वाढते.

आता १५ जानेवारी २०२२ या तारखेपासून सुरू झालेला, १५ जानेवारी २०३२ रोजी संपणारा दहा वर्षांचा रोखा घ्या. त्याचा व्याजदर आहे फक्त ०.१२५ टक्के. ऑक्टोबर २०२१ चा निर्देशांक २७६.५८९ होता आणि नोव्हेंबरचा २७७.९४८. जानेवारीच्या एकतीस दिवसांपैकी चौदा दिवस उलटलेले असल्यामुळे फरकाचा तेवढा वाटा मिळवला की पायाचा आकडा २७७.२०३ येतो. बरोबर एका वर्षाने, १५ जानेवारी २०२३ रोजी, ऑक्टोबर २०२२ चा २९८.०१२ आणि नोव्हेंबर २०२२ चा २९७.७११ यांच्यामधून २९७.८७६ हा आकडा मिळतो. भागाकार केला की गुणोत्तर १.०७४५८ येते. म्हणजे १०,००० डॉलर दर्शनी रकमेच्या रोख्याचे मुद्दल वर्षभरात १०,७४५.८० डॉलर झाले. महागाईची भरपाई इथे अगदी पैन् पै झाली.

नोव्हेंबर २०२२ चा निर्देशांक ऑक्टोबरपेक्षा खाली आहे हे तुमच्या लक्षात आले असेल. वर्षाच्या अखेरीस हंगामी कारणांनी हा दुरुस्ती न केलेला निर्देशांक बहुतेकदा थोडा खाली सरकतो, आणि तीन महिन्यांच्या अंतरामुळे त्याचा परिणाम जानेवारी-फेब्रुवारीच्या मुद्दलावर दिसतो. महागाई चालू असताना खात्यातले मुद्दल दररोज काही सेंटांनी कमी होत आहे, असे घाबरून विचारणारे लोक मला जवळजवळ दर हिवाळ्यात भेटत. त्यात चूक काहीही नसते.

मग तोटा आला कुठून? हा रोखा ज्या लिलावात विकला गेला, तिथे खरेदीदारांनी उणे ०.५४ टक्के खरा परतावा मान्य केला होता. खरा परतावा म्हणजे महागाई वजा जाता उरणारा परतावा, आणि तो उणे असू शकतो हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ०.१२५ टक्के व्याजाच्या रोख्यातून उणे ०.५४ टक्के परतावा निघायचा, तर दर्शनी रकमेपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. हिशेब केला तर दर १०० डॉलरना साधारण १०६.८० डॉलर पडतात. म्हणजे १०,००० डॉलरच्या दर्शनी रकमेसाठी खरेदीदाराने सुमारे १०,६८० डॉलर दिले आणि दहा वर्षांनी आजच्या क्रयशक्तीचे १०,००० डॉलर व थोडेसे व्याज घेण्याचे कबूल केले. महागाई कितीही होवो, क्रयशक्तीतला हा छोटा तोटा पहिल्याच दिवशी ठरलेला होता. लोक तरीही का घेत होते? कारण त्याच सुमारास दहा वर्षांचा साधा सरकारी रोखा १.८ टक्क्यांच्या आसपास परतावा देत होता. दोन्ही परताव्यांमधील अंतर साधारण २.४ टक्के होते. महागाई दहा वर्षे सरासरी त्याहून जास्त राहिली तर टिप्स सरस ठरणार होते, कमी राहिली तर साधा रोखा. या आकड्याला मी बरोबरीची महागाई म्हणतो, आणि या दोन प्रकारांतून निवड करताना हाच आकडा पाहावा.

२०२२ मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेने आपला धोरण दर शून्याजवळून वर्षअखेर सव्वाचार ते साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. त्याबरोबर खरा परतावाही चढला आणि जानेवारी २०२३ च्या मध्यावर या रोख्याचा खरा परतावा अधिक १.२५ टक्क्यांच्या आसपास आला. बाजारात सव्वा टक्का देणारा नवा रोखा मिळत असेल, तर ०.१२५ टक्के देणारा जुना रोखा कुणी पूर्ण भावाने घेणार नाही. नऊ वर्षे उरलेल्या या रोख्याचा भाव त्यामुळे दर १०० डॉलरना साधारण ९०.४० डॉलरवर उतरला. हा भाव महागाई सोडून सांगितलेला असतो; प्रत्यक्ष रक्कम काढायची तर तो वाढलेल्या मुद्दलाला लावायचा. १०,७४५.८० डॉलरचे ९०.४ टक्के म्हणजे साधारण ९,७१५ डॉलर. वर्षभराचे व्याज जेमतेम १३ डॉलर. म्हणजे १०,६८० डॉलर घातलेल्या माणसाच्या हाती, त्या दिवशी विकले असते तर, नऊ टक्के कमी पैसे आले असते. मुद्दल साडेसात टक्क्यांनी वाढले, भाव पंधरा टक्क्यांहून थोडा जास्त पडला, आणि दोन्हींचा गुणाकार हा निकाल देऊन गेला.

तुमच्या फंडातही हेच झाले, फक्त आकडे थोडे वेगळे आणि वेळ थोडी अधिक वाईट, कारण २०२१ च्या अखेरीस खरा परतावा उणे एक टक्क्याजवळ होता, म्हणजे भाव याहूनही चढा होता. आणि एक मोठा फरक आहे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे प्रत्यक्ष रोखा आहे, त्याचा भाव पडला तरी जानेवारी २०३२ जवळ येईल तसा तो पुन्हा शंभराकडे सरकत जातो, आणि मुदतीला पूर्ण वाढलेले मुद्दल मिळते. फंडाला अशी तारीखच नसते. रोखे मुदतीजवळ आले की ते बाहेर पडतात, त्यांच्या जागी नवे येतात, आणि फंडाची सरासरी मुदत वर्षानुवर्षे तेवढीच राहते. नवे रोखे जास्त परताव्याने घेतले जातात म्हणून पुरेसा काळ थांबल्यास फंडातली घसरणही भरून निघू शकते. पण अमुक वर्षी अमुक इतकी क्रयशक्ती मिळेल, असे वचन फंड देऊ शकत नाही. फंड घेताना त्याची सरासरी मुदत पाहावी. ती सात वर्षांच्या आसपास असेल, तर खरा परतावा एका टक्क्याने वाढला की भाव साधारण सात टक्क्यांनी उतरणार, हे आधीच गृहीत धरावे.

मुद्दलाच्या संरक्षणाबद्दलही एक गैरसमज दूर करतो. किंमती घसरल्या तर मुद्दल कमी होते; मात्र मुदतीच्या दिवशी सरकार मूळ दर्शनी रक्कम किंवा निर्देशांकाने बदललेली रक्कम यांपैकी जी मोठी असेल ती देते. हे संरक्षण फक्त मुदतीच्या दिवसापुरते आहे, अधल्यामधल्या व्याजाला ते लागू होत नाही. शिवाय ते मूळ दर्शनी रकमेचे आहे, तुम्ही मोजलेल्या रकमेचे नाही. ज्याचे गुणोत्तर १.३० झाले आहे असा जुना रोखा बाजारातून घेणाऱ्याने वाढलेल्या मुद्दलाचेही पैसे मोजलेले असतात, आणि किंमती घसरल्यास तो वाढलेला भाग कुणीही राखून ठेवत नाही. लिलावात नव्याने घेतलेल्या रोख्याला हे संरक्षण खऱ्या अर्थाने मिळते.

करआकारणी हा तुमच्यासाठी व्यवहाराच्या दृष्टीने मोठा मुद्दा आहे. मुद्दलात होणारी वाढ हाती येते मुदतीला, पण अमेरिकेत केंद्रीय आयकर तिच्यावर त्याच वर्षी लागतो. वरच्या उदाहरणातले ७४५ डॉलर एकाच करवर्षात आले असे धरले आणि तुमचा कराचा टप्पा २४ टक्के असला, तर कर होतो सुमारे १७९ डॉलर, आणि त्या वर्षी रोख्याने प्रत्यक्ष दिले फक्त १३. उरलेला कर दुसऱ्या खिशातून भरावा लागतो. जितकी महागाई जास्त तितका हा भार जास्त, म्हणजे ज्या वर्षी संरक्षण हवे त्याच वर्षी तो टोचतो. म्हणून टिप्स रोखे शक्यतो आयआरएसारख्या करसवलतीच्या निवृत्ती खात्यात ठेवावेत, असे मी नेहमी सांगत आलो आहे. राज्याचा आयकर मात्र या रोख्यांवर लागत नाही, हा बाहेरच्या खात्यात ठेवणाऱ्याला थोडा दिलासा आहे.

आता फायदा कुणाचा, याकडे येतो. ज्याला पुढे ठरावीक वर्षी, ठरावीक क्रयशक्तीचा खर्च त्याच देशाच्या चलनात करायचा आहे आणि ज्याचे उत्पन्न महागाईबरोबर आपोआप वाढत नाही, त्याला या रोख्यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. नोकरीत असलेल्या तिशीतल्या माणसाचा पगार, उशिरा का होईना, किंमतींच्या मागोमाग वाढतो. त्याची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे पुढची तीस वर्षांची कमाई, आणि ती बऱ्याच अंशी महागाईशी जोडलेलीच असते. याउलट ज्याला कंपनीकडून आयुष्यभर तेवढीच ठरलेली पेन्शन मिळते, तिच्यात वाढ होत नाही, तो महागाईपुढे सर्वांत उघडा पडलेला असतो. तीन टक्के महागाईतही पंचवीस वर्षांत त्या पेन्शनची क्रयशक्ती निम्म्याच्या खाली जाते. तुमच्याबाबतीत आधी सोशल सिक्युरिटीची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या निवृत्तिवेतनाची, रक्कम वजा करा, कारण ती दरवर्षी किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढवली जाते. घरखर्च, विमा आणि औषधपाणी यांचा जो भाग सोशल सिक्युरिटीने भागणार नाही, तेवढ्याच भागासाठी टिप्स घ्यावेत.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही ६५ व्या वर्षी निवृत्त होणार आणि सोशल सिक्युरिटी ७० व्या वर्षी सुरू करणार असे धरू या. मधली पाच वर्षे आजच्या भावाने दरवर्षी ४०,००० डॉलर लागणार असतील, तर त्या पाच वर्षांपैकी प्रत्येक वर्षी मुदत संपेल असा सुमारे ४०,००० डॉलर वाढीव मुद्दलाचा एकेक रोखा घेऊन ठेवावा. अशी शिडी लावली की मधल्या काळात भाव पडला काय किंवा चढला काय, तुम्हाला विकायचेच नसल्यामुळे त्याचा परिणाम होत नाही. २०२२ मध्ये ज्यांनी अशी शिडी धरून ठेवली होती, त्यांच्या खात्याचा आकडा उतरला, पण त्यांच्या पुढच्या घरखर्चातला एक डॉलरही गेला नाही. ज्यांना नेमके त्याच वर्षी पैसे हवे होते आणि ज्यांच्याकडे दीर्घ मुदतीचे रोखे होते, त्यांचे खरे नुकसान झाले. खरेदी कोणत्या खऱ्या परताव्याने झाली यालाही तितकेच महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा वर्षांच्या टिप्सचा खरा परतावा अडीच टक्क्यांच्या जवळ गेला होता. त्या वेळी घेणाऱ्याला महागाईच्या वर वर्षाला अडीच टक्के मिळण्याची सोय झाली. पावणेदोन वर्षे आधी घेणाऱ्याने त्याच सरकारच्या त्याच प्रकारच्या कागदावर उणे अर्धा टक्का पत्करला होता. म्हणून महागाईच्या बातम्या पाहून धावत जाऊन हे रोखे घेऊ नयेत. बातमी येईपर्यंत ती महागाई भावात उतरलेली असते. खरा परतावा शून्याच्या वर आहे का, आणि मुदत आपल्या खर्चाच्या वर्षाशी जुळते का, एवढे पाहून घ्यावेत.

पुण्यातल्या आईवडिलांसाठी मात्र टिप्स घेऊ नका. ते भाजी, दूध, औषधे आणि कामवालीचा पगार रुपयांत देतात, आणि टिप्सचे मुद्दल अमेरिकी शहरांतल्या घरभाड्यांवर आणि पेट्रोलवर हलते. डॉलर वधारल्यामुळे रुपयांत फायदा झालाच तर तो विनिमय दराचा असेल, पुण्यातल्या महागाईची भरपाई म्हणून तो धरता येणार नाही.

भारतात असे रोखे निघाले होते, आणि त्यांचा अनुभव निर्देशांक किती महत्त्वाचा असतो हे फार स्पष्ट दाखवतो. १९९७ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने सरकारसाठी भांडवल-निर्देशित रोखे काढले, त्यांत मुद्दल तेवढे घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडलेले होते, व्याज नव्हते. नंतर जून २०१३ मध्ये दहा वर्षांचा महागाई-निर्देशित रोखा लिलावात आला आणि त्याचा खरा व्याजदर १.४४ टक्के ठरला. यात मुद्दल आणि व्याज दोन्हींना संरक्षण होते, पण आधार पुन्हा घाऊक किंमत निर्देशांकाचाच, तोही चार महिने मागचा. घरखर्च चालवणाऱ्या माणसाला जी महागाई जाणवते ती किरकोळ भावांची. घाऊक निर्देशांकात सेवा जवळजवळ नसतात, डॉक्टरची फी नसते, शाळेची फी नसते, घरभाडे नसते. तिथे वजन आहे ते कारखान्यातला माल, इंधन आणि धातू यांचे. २०१४ च्या शेवटापासून कच्चे तेल घसरले तसा घाऊक निर्देशांक वर्षभराहून अधिक काळ आदल्या वर्षाच्या खाली राहिला, आणि त्याच काळात किरकोळ महागाई पाच टक्क्यांच्या आसपास चालू होती. स्वयंपाकघरातला खर्च वाढत होता आणि रोख्याचे मुद्दल उतरत होते. रोखा ठरल्याप्रमाणेच चालला. मोजपट्टी मात्र घर चालवणाऱ्याच्या उपयोगाची नव्हती.

ही अडचण ओळखून डिसेंबर २०१३ मध्ये व्यक्तींसाठी स्वतंत्र बचत रोखे आले. त्यांचा आधार ग्राहक किंमत निर्देशांक होता, त्यावर दीड टक्का निश्चित व्याज, आणि सारे व्याज साचत जाऊन दहा वर्षांनी एकरकमी मिळणार. रचना चांगली होती, पण महिन्याला पैसे हवे असलेल्या पेन्शनराला दहा वर्षे काहीच न देणारा कागद उपयोगाचा नव्हता. शिवाय त्या वेळी बँकेची मुदतठेव नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होती आणि ते व्याज समजायला सोपे होते. प्रतिसाद थंड राहिला आणि विक्री २०१४ मध्ये बंद झाली.

सध्या रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या व्याजदराच्या बचत रोख्यांना काही सल्लागार महागाईचे रोखे म्हणून सांगतात. ते बरोबर नाही. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का वर ठेवलेला असतो, दर सहा महिन्यांनी तो नव्याने ठरतो, आणि मुद्दल सात वर्षे तेवढेच राहते. बचत प्रमाणपत्राचा दर सरकार जाहीर करते, त्यामुळे महागाई वाढली तरी तो वाढेलच याची खात्री नाही. आईवडिलांना नियमित उत्पन्न हवे असेल तर हा पर्याय जरूर विचारात घ्या, पण तो व्याजाचा रोखा म्हणून. तो निवासी भारतीयांसाठी आहे, म्हणून खाते त्यांच्याच नावाने लागेल आणि व्याजावर त्यांनाच आयकर द्यावा लागेल.

तुमच्या आताच्या फंडाविषयी सांगायचे तर तो घाईने विकण्याचे कारण नाही. भाव पडल्यानंतर आतल्या रोख्यांचा खरा परतावा वाढलेला आहे, आणि तो पुढे तुम्हालाच मिळत राहील. मात्र निवृत्तीची वर्षे जवळ येतील तसे या फंडातले पैसे, फंड निवृत्ती खात्यात असेल तर त्या खात्याच्या आतच, टप्प्याटप्प्याने तुमच्या खर्चाच्या वर्षांशी जुळणाऱ्या प्रत्यक्ष रोख्यांत वळवा. खात्याच्या आत केलेल्या अशा बदलावर कर लागत नाही, आणि ६५ ते ७० या वर्षांचा खर्च फंडाच्या त्या दिवशीच्या भावावर अवलंबून राहत नाही.